मुंदावणी, नरोटी आणि 'कॅनन'ला मराठी शब्द

पाठभेद : 'कॅनन', म्हणजे अधिकृत ठरलेला आणि भर बंद झालेला ग्रंथ, याला मराठीत काय म्हणावं? 'प्रमाणग्रंथ' म्हटलं की अधिकार कळतो, पण 'यात आता भर पडणार नाही' हे त्यात येत नाही. गुरुग्रंथसाहिबाच्या शेवटी 'मुंदावणी' हा शब्द आहे, त्याचा अर्थ मोहोर असा वाचला. तो उचलता येईल का?

रानवाट : मोहोरच. मुद्रा, मुंदरी, मुंदणे हे एकाच घरचे शब्द. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला, शेवटी मुंदावणी लिहिली आणि तिथे ग्रंथ बंद झाला. 'मुद्रित संहिता' म्हणा.

गोदाकाठ : 'मुद्रित' आज कुणीही 'छापील' असंच वाचेल. आणि ग्रंथ १६०४ मध्ये पुरता बंद झाला नव्हता. नववे गुरू तेगबहादूर यांची वाणी नंतर आत आली. त्यांची पदं त्या त्या रागात गेली, जयजयवंती हा ३१वा राग नव्याने आला आणि ५७ सलोक मुंदावणीच्या आधी बसवले. म्हणजे मोहोर शेवटीच राहिली, आतला मजकूर वाढला. भर कायमची थांबली १७०८ मध्ये, आपल्या नांदेडला. गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागे ग्रंथच गुरू असं सांगितलं, मग त्यात नवं घालणार कोण?

'मुंदावणी'चा 'कोडं' असाही अर्थ लावतात. तिची सुरुवात अशी आहे: 'थाल विचि तिंनि वसतू पईओ सतु संतोखु वीचारो'. ताटात तीन वस्तू वाढल्या, सत्य, संतोष आणि विचार. पुढच्याच ओळीत अमृतनाम येतं. कोड्याचा अर्थ घेतला तर तुमचा शब्द निसटतो, हे लक्षात असू द्या.

पोथीशाळा : ताटात अमृत? हे तर एकनाथांचं. 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४, वीसच वर्षं आधी. आमच्याकडच्या ज्ञानेश्वरीच्या दोन प्रतींत ओव्यांची संख्या जुळत नाही, त्यातली खरी कोणती?

गोदाकाठ : संख्येवरून खरी-खोटी ठरत नाही, प्रत कोणत्या परंपरेची ते पाहावं लागतं. ताटाची प्रतिमा एकाने दुसऱ्याची घेतली, असं म्हणायला आधार नाही. पण दोन्हीकडची युक्ती वेगळी आहे. नाथांनी पाठ शोधून शुद्ध केला आणि पुढच्याला शब्दाने अडवलं. ग्रंथसाहिबात कुलूप आकड्यांचं आहे. पदाच्या शेवटी त्यातल्या कडव्यांचा आकडा, त्यापुढे पदाचा क्रमांक आणि जागोजागी एकूण बेरीज असते. मध्ये एक पद घुसवलं तर पुढच्या बेरजा चुकतात. हे कुलूप मधल्या भरीला चालतं, शेवटच्या भरीला नाही. म्हणून शेवटी मोहोर लागते.

आणि वाद नेमका मोहोरेनंतरचाच आहे. मुंदावणीच्या पुढे रागमाला, म्हणजे रागांची नावं गुंफलेली रचना, येते. तिच्यातले राग ग्रंथातल्या रागांशी पुरते जुळत नाहीत. 'माझ' हा ग्रंथातला मोठा राग तिथे नाही. १९४५ च्या रहित मर्यादेने, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेने, तोडगा काढला तो असा: पाठ मुंदावणीवर संपवायचा की रागमालेवर, ते तिथल्या रीतीप्रमाणे, पण रागमाला गाळून प्रत लिहायची वा छापायची नाही. वाचनाला मोकळीक, प्रतीला नाही.

पाठभेद : मग अर्थ लावणाऱ्याला काय उरतं? बंद ग्रंथात अडलं तर विचारायचं कुणाला?

गोदाकाठ : ग्रंथालाच. ग्रंथातले सूफी संत शेख फरीदांचे सलोक घ्या. ११९ वा म्हणतो, देह तंदुरासारखा तापो, हाडं सरपणासारखी जळोत, पाय थकले तर डोक्यावर चालेन, प्रियकर भेटला पाहिजे. १२० वा म्हणतो, देह तापवू नकोस, हाडं जाळू नकोस, डोक्यापायांनी काय बिघडवलंय, प्रियकर आतच पाहा. दोन्ही फरीदांचे मानले तर ते स्वतःलाच खोडतात. १२० वर कुणाचं नाव नाही. पण तोच सलोक पुढे पान १४११ वर 'महला १' खाली येतो, म्हणजे तो गुरू नानकांचा. विरोधाच्या जागी संवाद दिसतो, आणि तो संवाद संपादनाच्या वेळीच आत ठेवलेला आहे. आज कुणी नवं उत्तर लिहिलं तर ते निरूपणात, टीकेत जाईल, ग्रंथात नाही.

रानवाट : पण 'नानक' नाव पाहूनही ओळखता येतंच की.

गोदाकाठ : नाही, तिथेच लोक फसतात. ज्यांची वाणी ग्रंथात आहे त्या सहाही गुरूंची नाममुद्रा 'नानक' आहे. आपल्याकडे 'नामा म्हणे' दिसलं की आपण कवी ठरवतो, ती सवय इथे चालत नाही. महल्याचा आकडा पाहायचा, त्यावरून कितवे गुरू ते कळतं.

पोथीशाळा : नामदेवांची ६१ पदं तिथे आहेत, त्यांतली काही आपल्याकडच्या नामदेव गाथेतही वेगळ्या पाठाने मिळतात. मग गाथा तशी दुरुस्त करायची का?

गोदाकाठ : करू नये. तिथला पाठ १६०४ च्या आसपास स्थिरावला म्हणून तो जुना साक्षीदार, पण गुरुमुखी लेखनातून आलेला. साक्ष घ्यावी, निकाल नव्हे. ग्रंथ गाणाऱ्याला मात्र हा प्रश्नच पडत नाही, त्याच्यासमोर एकच पाठ आहे.

पाठभेद : मग 'मोहोरबंद' कसा वाटतो? 'मोहोरबंद ग्रंथ'.

रानवाट : लिफाफा वाटतो.

गोदाकाठ : मोहोरबंद वस्तू उघडत नाहीत, आणि हा ग्रंथ तर रोज उघडतात. बंद आहे ती भर. मी 'भर थांबलेला ग्रंथ' असं लांबलचक लिहितो. एका शब्दात कुणाला सुचत असेल तर सांगा.