तोट्यात विकणारी अ‍ॅपं आणि दुकानदारांची एकी: कायदा कुणाच्या बाजूने?

मुलुंडचा_किराणावाला
मुलुंड पूर्वेला वडिलांपासूनचं दुकान आहे. दहा मिनिटांत सामान देणारी अ‍ॅपं आल्यापासून तेल, साबण, बिस्किटं या मालाचा धंदा निम्म्यावर आलाय, आमच्या खरेदीपेक्षा कमी भावात ते विकतात. ही मक्तेदारी नाही का, स्पर्धा आयोगाकडे तक्रार होईल का? दुसरं म्हणजे आम्ही एरियातले पंचवीस-तीस दुकानदार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरवतोय की एमआरपीच्या खाली कुणी विकायचं नाही, आणि जो डिस्ट्रिब्युटर अ‍ॅपला माल देतो त्याचा माल कुणी ठेवायचा नाही. मतं सांगा.

फोर्टातला_वकील
दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण पहिल्यात तुम्ही तक्रारदार आहात आणि दुसऱ्यात आरोपी व्हाल. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या लोकांनी मिळून भाव ठरवला किंवा कुणाचा माल बंद केला की ते स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये येतं. तिथे तुम्ही मोठे आहात का छोटे हा प्रश्नच सुरुवातीला येत नाही, असं ठरवलं म्हणजे बाजाराला इजा झाली असं आयोग गृहीत धरतो आणि तसं झालं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सही केलेला कागद लागत नाही. 'ठीक आहे, सगळे असंच करूया' एवढी समजूतसुद्धा पुरते, आणि तुम्ही तर ती ग्रुपवर टाइप करून ठेवताय, तारीख-वेळेसकट.

अ‍ॅपचा मामला कलम 4 चा. तिथे पायरी उलटी आहे, आधी समोरचा बाजारात वर्चस्वात आहे हे सिद्ध करायचं, मग त्याने त्याचा गैरवापर केला का ते बघायचं. नुसतं मोठं असणं गुन्हा नाही, नुसतं स्वस्त विकणंही नाही.

दादरचा_संदीप
वकीलसाहेब, उगाच घाबरवू नका हो. तीस दुकानं म्हणजे मुंबईच्या बाजारात समुद्रात मूठभर मीठ, त्याने कसला परिणाम होणार, आयोगाला दुसरी कामं नाहीत का. आणि स्वस्त विकणं गुन्हा नाही म्हणता, मग एनएसई या शेअर बाजाराचं काय? आपल्या बीकेसीतलीच केस आहे. करन्सी डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे डॉलरसारख्या चलनाच्या वायद्यांच्या सौद्यांवर फी शून्य ठेवली म्हणून 2011 मध्ये साडेपंचावन्न कोटी दंड ठोकला ना आयोगाने? म्हणजे फुकट देणं चालत नाही, अ‍ॅपवाले त्याच पिंजऱ्यात बसतात.

घाटकोपरची_प्राजक्ता
माझा साधा प्रश्न, मला तेल स्वस्त मिळतंय यात माझं नुकसान काय? दुकानदारांनी ग्रुप करून एमआरपी लावली तर नुकसान नक्की माझं आहे. आणि दादा, तुम्ही सगळ्यांनी एमआरपी लावली तर उरलेलं गिऱ्हाईकही अ‍ॅपवरच जाईल की, हे कुणी ग्रुपवर बोललं नाही का?

फोर्टातला_वकील
संदीप, केस बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच आहे. नीट बघा तिथे काय झालं. एनएसईने 2008 च्या ऑगस्टमध्ये करन्सी डेरिव्हेटिव्ह सुरू केलं आणि व्यवहाराची फी माफ केली. दोनेक महिन्यांनी एमसीएक्स-एसएक्स हे स्पर्धक एक्सचेंज आलं. त्यांच्याकडे तेव्हा हा एकच सेगमेंट होता, शेअर बाजाराची परवानगी नव्हती. म्हणजे एनएसई इक्विटी आणि फ्युचर्स-ऑप्शन्समधून कमावणार आणि इथे फुकट वाटणार, समोरच्याचं मात्र जे काही उत्पन्न ते इथूनच, आणि फी लावली तर ब्रोकर पळणार. शिवाय समोरच्या गटाचं ओडिन नावाचं सॉफ्टवेअर ब्रोकर वापरायचे, त्यावर एनएसईचा हा सेगमेंट चालावा म्हणून लागणारा कोड एनएसईने दिला नाही आणि आपलं नाऊ नावाचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं. या सगळ्याची बेरीज करून आयोगाने गैरवापर म्हटलं, तेही बहुमताने, दोन सदस्यांचं मत वेगळं होतं. 2014 मध्ये अपिलातही आदेश टिकला आणि एनएसई सुप्रीम कोर्टात गेली.

आता गंमत बघा, त्या सेगमेंटमध्ये दोघांचा हिस्सा जवळपास निम्मा-निम्मा होता. तरी वर्चस्व एनएसईचं धरलं, कारण तोटा किती वर्षं सोसता येईल ही ताकद आयोगाने मोजली.

दुसरीकडे जिओ. सप्टेंबर 2016 पासून महिनोन्महिने डेटा, कॉल सगळं फुकट. एअरटेल आयोगाकडे गेली, 2017 मध्ये तक्रार पहिल्याच पायरीवर फेटाळली. जिओचा ग्राहकांमधला हिस्सा तेव्हा सात टक्क्यांच्या आत होता. मागे रिलायन्सचा पैसा आहे एवढ्यावर वर्चस्व होत नाही, नवीन खेळाडू बाजारात शिरायला फुकट देऊ शकतो, असं आयोगाचं म्हणणं. म्हणून प्रश्न 'फुकट दिलं का' असा नसतो, 'कुणी दिलं' असा असतो.

दादरचा_संदीप
म्हणजे एनएसईच्या वेळी पैशाची ताकद मोजली आणि जिओच्या वेळी ती पुरेशी नाही म्हटलं! हे तुम्हाला पटतं?

फोर्टातला_वकील
पूर्ण नाही पटत. एवढं मान्य करतो की एनएसई जुनी आणि बाजारात पाय रोवलेली होती, जिओसमोर तीन दांडगे बसलेले होते. पण दोन्ही आदेश शेजारी ठेवले की धागा सैल दिसतो हे खरं.

मेडिकलवाले_काका
मी औषधांच्या लाइनमध्ये आहे, लालबागला स्टॉकिस्टचं काम. बहिष्काराचं म्हणाल तर आम्ही ते आतून बघितलंय. कंपनी मला स्टॉकिस्ट नेमायला तयार होती, पैसे भरायची तयारी होती, गोडाऊन होतं, फ्रिज होता, लायसन्स होतं, पण लोकल असोसिएशनची एनओसी आणा म्हणाले. असोसिएशनवाले म्हणे या एरियात आधीच पुरेसे आहेत. कंपनीचा माणूस स्वतः हात जोडून सांगायचा की काका तुम्हाला माल दिला तर बाकीचे माझी सगळी प्रॉडक्ट शेल्फवरून काढतील. पुढे कागदावरची एनओसी बंद झाली, पण 'जरा अध्यक्षांना फोन करून घ्या' हे चालूच राहिलं. सांगायचा मुद्दा काय, ज्याच्यावर बहिष्कार पडतो तो पण छोटाच असतो. तुमचा डिस्ट्रिब्युटर काही अंबानी नाही.

फोर्टातला_वकील
काकांचं उदाहरण इथे तंतोतंत लागू आहे. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेवर, जिचं ऑफिस मुंबईतच आहे, 2013 मध्ये आयोगाने याच एनओसीसाठी आणि किरकोळ व घाऊक मार्जिन संघटनेने ठरवून घेतल्याबद्दल सत्तेचाळीस लाखांच्या आसपास दंड लावला. तिथे कलम 4 लावलं नाही हे लक्षात घ्या. संघटना स्वतः गोळ्या विकत नाही, तिचं बाजारात वर्चस्व कसलं? पण तिचा निर्णय म्हणजे सभासद दुकानदारांनी आपसांत ठरवलेली गोष्ट, म्हणून कलम 3. एकेक मेडिकल छोटंच होतं, तरी. संदीपच्या मूठभर मिठाला हेच उत्तर आहे. फक्त संघटनेवर भागत नाही, पदाधिकाऱ्यांवर वैयक्तिकही येऊ शकतं, त्यामुळे ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण आहे बघा.

बोरिवलीचा_मंदार
आमच्या सोसायटीत एकाच इंटरनेटवाल्याला वायर टाकू देतात, सेक्रेटरीचा ओळखीचा आहे, ही पण मक्तेदारीच ना? यावर कुठे तक्रार करायची?

घाटकोपरची_प्राजक्ता
मंदार, वेगळा धागा काढ, इथे दुकानाचं चाललंय.

मुलुंडचा_किराणावाला
सगळ्यांचं वाचलं. मग ग्रुपवर भावाचं काही नको. पण असं केलं तर, आम्ही कंपन्यांनाच सांगतो की तुम्ही अट घाला, अमुक भावाखाली ना अ‍ॅपने विकायचं ना दुकानाने. मग ठरवणारी कंपनी झाली, आम्ही नाही. आणि अ‍ॅपवाले खरेदीच्या खाली विकतात त्याचा हिशोब कसा मांडायचा ते पण सांगा, माझ्याकडे बिलं आहेत.

फोर्टातला_वकील
कंपनीने खालच्या भावाची अट घालणं हे वेगळं पोटकलम, पण सुटका नाही. मारुतीला 2021 मध्ये दोनशे कोटी दंड झाला तो यावरच. डीलरने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त डिस्काउंट द्यायचा नाही असा नियम, आणि तो पाळतात का बघायला खोटं गिऱ्हाईक बनून एजन्सीची माणसं शोरूममध्ये जायची, बोलणं रेकॉर्ड व्हायचं, पकडलं की डीलरला दंड. इथे मात्र गृहीत धरणं नसतं, बाजारावर खरंच परिणाम झाला हे दाखवावं लागतं. पण तीस दुकानदारांनी एकत्र जाऊन कंपनीकडून ती अट घालून घेतली तर पुन्हा तुमच्या एकत्र येण्याकडेच बोट जाईल.

हिशोबाचं. कायदा बघतो तो साधारणपणे प्रत्येक ऑर्डरमागे वाढणारा खर्च. समजा 300 रुपयांची ऑर्डर आहे, माल 270 ला पडला, डिलिव्हरीवाल्याला 35, पिशवी-पॅकिंग 5, पेमेंटचा चार्ज 3, झाले 313. गाळ्याचं भाडं यात धरायचं नाही, ऑर्डर आली नाही तरी ते द्यावंच लागतं. म्हणजे 13 रुपये खाली गेले. पण त्याच ऑर्डरवर गिऱ्हाईकाकडून 20 रुपये हँडलिंग घेतलं असेल तर ते खाली नाहीत, वर आहेत. शिवाय साबणाच्या कंपनीने पहिल्या ओळीत दिसायला अ‍ॅपला पैसे मोजले असतील तर ते वेगळेच. तुमचं बिल फक्त तुमचा खरेदीभाव सांगतं, त्यांचा खरेदीभाव तुम्हाला माहीत नाही. मोठ्या ऑर्डरला कंपनीच त्यांना कमी भाव देत असेल तर ते तोट्यात विकतच नाहीयेत. आणि तोटा सिद्ध झाला तरी तो स्पर्धकाला संपवायला होता हे उरतंच, वर्चस्व तर त्याच्याही आधी.

दादरचा_संदीप
वर्चस्वावरच बोला मग. तीन-चार अ‍ॅपं मिळून गल्लीतली दुकानं संपवतायत, एकट्या कुणाचं नाव घेता येत नाही म्हणून सगळे मोकळे?

फोर्टातला_वकील
आपल्या कायद्यात वर्चस्व एका कंपनीचं किंवा एका ग्रुपचं असतं, वेगवेगळ्या मालकांच्या कंपन्यांचं मिळून नाही. ओला-उबरच्या तक्रारींत हाच अडथळा आला, एक म्हटली की दुसरी समोर उभी. उबरच्या दिल्लीच्या केसमध्ये 2019 ला सुप्रीम कोर्टाने एका फेरीमागे 204 रुपये तोटा हा आकडा बघून चौकशी चालू ठेवली होती, शेवटी 2021 मध्ये आयोगाने उबर वर्चस्वात नाही म्हणून फाइल बंद केली. बाजार कुठला धरायचा हाही वाद आहेच, किराणा दुकानं धरली तर अ‍ॅपचा हिस्सा चिमूटभर, फक्त दहा मिनिटांवाले धरले तर मोठा. प्राजक्तासारखं गिऱ्हाईक दोन्हीकडे घेतं, मग बाजार एक का दोन?

घाटकोपरची_प्राजक्ता
रात्री अकराला मुलुंडचे दादा उघडे असतील तर एक!

मेडिकलवाले_काका
काळी-पिवळीवाल्यांना पण हेच 'दोघं आहेत' सांगितलं असेल. एक गेला काय, दोघं मिळून गेले काय, मधला मेला ना. संदीपशी सहमत, कायदाच तोकडा आहे.

फोर्टातला_वकील
काका, मला उलट वाटतं. दोघं एकमेकांशी खरंच भांडत असतील तर त्यांना एक धरून शिक्षा करणं म्हणजे भांडणालाच शिक्षा. एकमेकांशी बोलून भाव लावत असतील तर कलम 3 आहेच.

किराणावाले दादा, तुमच्या जागी मी भावाच्या मागे न लागता डिस्ट्रिब्युटरकडून एक गोष्ट काढली असती. कंपनीची एखादी स्कीम किंवा नवीन पॅक फक्त अ‍ॅपला आणि दुकानांना नाही, असा करार आहे का? अमेझॉन-फ्लिपकार्टवर 2020 च्या जानेवारीत चौकशीचा आदेश झाला तो अशाच विषयांवर, ठराविक मोबाइल फक्त तिथेच आणि ठराविक सेलरना झुकतं माप. तिथे वर्चस्व सिद्ध करायची पायरीच नाही, परिणाम दाखवा. आणि मिळून खरेदी करायची असेल, म्हणजे तीस दुकानांची एक ऑर्डर टाकून चांगला भाव काढायचा असेल, तर ते साधारणपणे चालतं, फक्त विक्रीचा भाव ज्याचा त्याने लावायचा.

मुलुंडचा_किराणावाला
नवीन पॅकचं खरं आहे, शाम्पूची एक साइज गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे येतच नाही, सेल्समन म्हणतो वरूनच नाही. लेखी मागितलं तर देईल का तो?

मेडिकलवाले_काका
लेखी कुणी देत नाही. ऑर्डर ईमेलवर टाका आणि 'स्टॉक नाही' हे उत्तर तिथेच येऊ द्या. मी असंच केलं होतं.