मदत हवी आहे: पहिली वीस मूलद्रव्ये, त्यांच्या संयुजा आणि वर्गीकरणाची उतरंड कशी पाठ करून घ्यावी?

कोथरूडकरीण

लेक नववीत आहे, मराठी माध्यम. अप्पा बळवंत चौकातून मूलद्रव्यांचा तक्ता आणला होता, त्यात पाच-पाच नावांच्या चार ओळी आहेत. त्यावरून तिने स्वतःच चाल लावली: "हा हे लि बे बो, का ना ऑ फ्लु नि" वगैरे. संयुजांचे आकडे वेगळे पाठ आहेत: एक शून्य, एक दोन तीन चार, तीन दोन एक शून्य, असे. दोन्ही घडाघडा म्हणते. पण सल्फरची संयुजा विचारली की पहिल्यापासून बोटे मोजत जाते आणि भलतेच काहीतरी सांगते. घटक चाचणीत ॲल्युमिनियम ऑक्साइड Al3O2 आणि मॅग्नेशियम ऑक्साइड Mg3O लिहून आली. मीठ आणि पाणी मात्र बरोबर.

दुसरे दुखणे वर्गीकरणाचे. गण मोठा की कुल, प्रजाती आधी की जाती, दर वेळी गोंधळ. कुणाकडे एखादे चांगले वाक्य किंवा गाणे आहे का?

वाचनमात्र

आमच्या चिरंजीवांना सरांनी "किंग फिलिप केम ओव्हर फॉर गुड सूप" दिले होते. किंगडम, फायलम, क्लास असे ओळीने येते. त्याला पैकीच्या पैकी होते त्या प्रश्नाला. सेमीवाल्यांना हेच सोपे पडते.

कोथरूडकरीण

धन्यवाद, पण तिला सृष्टी, संघ, वर्ग हे मराठीत लिहायचे आहे हो.

निगडीचा अभियंता

गाणी कशाला पाठ करायची? इलेक्ट्रॉन संरूपण लिहायला लावा. शेवटच्या कवचात जेवढे इलेक्ट्रॉन तेवढी संयुजा. सोडियम 2, 8, 1 म्हणजे संयुजा 1. ॲल्युमिनियम 2, 8, 3 म्हणजे 3. संपला विषय. पाठांतराने मुलांचे डोके बंद पडते असे माझे मत आहे.

जुना मास्तर

अभियंतासाहेब, तुमचे गणित कार्बनपर्यंत ठीक चालते. ऑक्सिजन 2, 6 आहे, मग त्याची संयुजा 6 धरायची का? चारच्या पुढे गेले की आठातून वजा करायचे, म्हणून ऑक्सिजन 2 आणि क्लोरिन 1. आणि हेलियमच्या शेवटच्या कवचात दोन असूनही संयुजा शून्य, कारण ते कवच दोनातच भरते. बेरिलियमच्याही शेवटच्या कवचात दोनच, पण तिथे ती 2.

ताई, तुमच्या मुलीची चूक फार मजेशीर आहे, कारण ती आंधळी नाही. तिचे गाणे आणि तिचे आकडे एकाखाली एक लावून बघा. "बे बो" घाईत म्हणताना एकच बोट मिटत असणार, म्हणजे बोरॉन गळतो. मग तीनचा आकडा कार्बनला जातो, चारचा नायट्रोजनला, पुढचा तीन ऑक्सिजनला. असेच सरकत सोडियमला शून्य येते, मॅग्नेशियमला एक, ॲल्युमिनियमला दोन. आता ॲल्युमिनियम 2 आणि ऑक्सिजन 3 यांची तिरकी अदलाबदल करा: नेमके Al3O2. मॅग्नेशियम 1 आणि ऑक्सिजन 3 घेतले की Mg3O. दोन्ही उत्तरे एकाच गळतीतून आली आहेत. सूत्र लिहिण्याची रीत तिला येते, ॲल्युमिनियम 3 आणि ऑक्सिजन 2 मिळाले असते तर तिने Al2O3 च लिहिले असते.

खरा दोष तक्त्याच्या ओळींत आहे. पाच-पाचच्या ओळी छापायला सोयीच्या, पण संयुजा आठाने फिरते. गाणे असे तोडा:

हा हे
लि बे बो का, ना ऑ फ्लु नि
सो मॅ ॲ सि, फॉ स क्लो अ
पो कॅ

मधल्या दोन्ही ओळींवर आकडे तेच: एक दोन तीन चार, तीन दोन एक शून्य. पहिल्या ओळीला एक शून्य, शेवटच्या ओळीला एक दोन. आता सल्फरसाठी हायड्रोजनपासून निघायला नको. "फॉ स क्लो अ" एवढेच म्हणायचे: तीन, दोन. बोरॉन गळला तर ओळ सातातच संपते आणि शून्याच्या जागी निऑनऐवजी सोडियम येतो. निऑन आणि अरगॉन शून्यावर पडले नाहीत की थांबायचे, काहीतरी गळले आहे.

पडताळा तिच्याकडे आधीच आहे. पाणी H2O, म्हणजे ऑक्सिजन 2. मिथेन CH4, अमोनिया NH3, पाणी H2O, मग HF: हायड्रोजनचे आकडे 4, 3, 2, 1. खालच्या ओळीत SiH4, PH3, H2S, HCl, पुन्हा तेच. गाणे विसरले तरी पाण्यावरून वाट सापडते.

एक गोष्ट मात्र गाण्याबाहेरच पाठ करावी लागते: सोडियमची संज्ञा Na, पोटॅशियमची K. नायट्रोजन N, निऑन Ne आणि सोडियम Na यांत मुले हमखास घोटाळा करतात. म्हणून "सो" म्हणताना Na लिहायचे, तोंडाबरोबर हातही चालवायचा.

ठेकेदार

मास्तर, चार-चारचे दोन भाग म्हणजे सरळ केरवाच की! आठ मात्रा, पाचवीवर खाली. "लि बे बो का" टाळी देऊन, "ना" वर हात उघडा. आकडे चढतात तिथे टाळी, उतरायला लागतात तिथे खाली. भाचीला असेच शिकवले, आता तिला गप्प करणे अवघड झाले आहे.

पण सारेगमवर बसवायला गेलो तर जमले नाही. न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांची सुरांशीच सांगड घातली होती ना? लिथियम सा धरला तर सोडियम पुन्हा सा यायला हवा, पण माझा नववा पडतो.

जुना मास्तर

त्याच्या काळी निऑनचा पत्ताच नव्हता. अरगॉन 1894 मध्ये सापडला, निऑन 1898 मध्ये. निष्क्रिय वायू वगळले की लिथियमपासून सोडियम आठवाच येतो आणि सूर जुळतो. आता निऑनसाठी जागा सोडावी लागते, म्हणून तुमचा केरवा बरा.

रानवाटा

वर्गीकरणासाठी हे घ्या: सृष्टीने संकष्टीला वर्गात गपचूप कुरमुऱ्यांचा प्रसाद जमवला. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वनस्पतींना संघाऐवजी विभाग येतो, तेवढे बदलायचे.

पण नुसत्या वाक्याने गण मोठा की कुल हा प्रश्न सुटत नाही, क्रम उलटा धरला तर वाक्यही उलटेच वाचले जाते. त्यासाठी वाघ वापरा. वाघ आणि बिबट्या एकाच प्रजातीत, पँथेरा. घरची मनी त्या प्रजातीत नाही, पण फेलिडी कुलात त्यांच्यासोबत आहे. कुत्रा त्या कुलात नाही, तो कार्निव्होरा गणात भेटतो. गाय तिथेही नाही, ती सस्तन वर्गात येते. पायरीगणिक पाहुणे वाढत जातात. कात्रजला गेलात तर प्रत्येक पिंजऱ्यापुढे विचारा, "हा वाघाला कुठल्या पायरीवर भेटतो?" शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा असतो, म्हणजे पँथेरा टायग्रिसमधला पँथेरा.

निगडीचा अभियंता

आठातून वजा करायचे हे मी गृहीतच धरले होते. पण मास्तर, फॉस्फरसचे PCl5 असते, सल्फरचे SO3. तुमच्या गाण्यात तीन आणि दोनच आहेत.

जुना मास्तर

बरोबर. गाणे प्रत्येकाची एकच संयुजा सांगते. PCl3 आणि PH3 गाण्यात बसतात, PCl5 आणि SO3 बसत नाहीत.

कोथरूडकरीण

आत्ताच बोटे मोजायला लावली. "बेबो" वर खरेच एक बोट मिटते! केरवा सुरू केला आहे, खालच्या मजल्यावरून अजून तक्रार नाही. फॉस्फरसपुढे 3 लिहायचे की 3, 5? वर्गात बाईंनी 5 लिहून दिले आहे, गाइडात 3 आहे.

ठेकेदार

बाईंनाच विचारा. पेपर त्या तपासणार.

जुना मास्तर

दोन्ही लिहू दे. मात्र सूत्र विचारले तर प्रश्नात ट्रायक्लोराइड आहे की पेंटाक्लोराइड ते आधी वाचायला सांगा.