लो बो स्टिकने चेंडू उडतोय: स्टिक बदलू की फटका?

फ्लिकवेडा: उंची १७० सेंमी, क्लबकडून हॉकीत सेंटर हाफ खेळतो. ड्रॅग फ्लिक शिकायचं मनात होतं म्हणून गेल्या मोसमात ३७.५ इंची लो बो स्टिक घेतली, म्हणजे बाक हेडजवळ असलेली; हेड मॅक्सी, म्हणजे लांब टोकाचं. फ्लिक सुधारली, पण साधा फटका मारला की चेंडू गुडघ्यापर्यंत उडतो. परवाच्या सामन्यात पंचांनी दोनदा शिट्टी वाजवली. स्टिक चुकली का माझी?

उजवा_बॅक: चुकली, दुसरं काय. लो बो ही फ्लिक मारणाऱ्यांची स्टिक. हाफला दिवसभर पास द्यायचे असतात. आमच्याकडे एकाने हौसेने घेतली आणि वर्षभर सगळ्यांच्या नडग्या फोडल्या. विकून टाक, ३६.५ ची मिड बो घे.

सरळ_फटका: इतक्या घाईने स्टिकला फाशी देऊ नका. मी पोरांना शिकवतो. दहातले आठ जण चेंडू उडवतात ते फटक्याच्या चुकीमुळे. चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे ठेवतात, मग स्टिक चेंडूला लागते तेव्हा हात मागे राहिलेले असतात. हात मागे आणि हेड पुढे असेल तर कुठलीही स्टिक चेंडू उचलेल, अगदी सरळसोट जुनी लाकडीसुद्धा. फटका सुधारा.

उजवा_बॅक: मग फ्लिकवेड्याला हे आधीच्या स्टिकने का होत नव्हतं?

जुनी_मूठ: तुम्ही दोघंही एकाच गोष्टीचं अर्धं अर्धं बोलताय. स्टिकची सपाट बाजू खाली करून फरशीवर ठेवा, मधे पोकळी दिसेल. तोच बाक. लो बोमध्ये ही पोकळी हेडच्या अगदी जवळ असते, म्हणजे दांडा हेडपाशी येता येता पुढे वळतो. त्यामुळे मूठ चेंडूच्या बरोबर वर धरली तरी हेडचा चेहरा थोडा आकाशाकडे बघत असतो. मिड बोने तसाच फटका मारला तर चेंडू जमिनीवर राहील, लो बोने उडेल. सरळ_फटका म्हणतात ती चूक खरी आहे, पण लो बो ती चूक माफ करत नाही. मूठ चेंडूच्या पुढे नेऊनच चेहरा बंद करावा लागतो.

फ्लिकला हाच बाक उपयोगी पडतो. चेंडू दांड्याच्या खालच्या खोबणीत बसतो आणि तिथून हेडपर्यंत घरंगळत येतो. जितका वेळ तो स्टिकला चिकटून राहील तितका वेग त्याला मिळतो. दुकानदाराने तुम्हाला खोटं सांगितलं नाही, फक्त अर्धंच सांगितलं.

पण आधी मोजा. लेबलवर लो बो छापलेलं असलं तरी एका कंपनीची लो बो दुसरीच्या मिड बोच्या जवळ असू शकते.

फ्लिकवेडा: मोजायचं कसं? माझ्याकडे साधी पट्टीच आहे.

जुनी_मूठ: पट्टी पुरते. सपाट फरशी बघा, टाइल्सच्या सांध्यावर नको. स्टिक तोंड खाली करून ठेवा, डोळा फरशीच्या पातळीला आणा, सर्वात मोठी फट कुठे आहे ते बघून तिथे दांड्यावर पेन्सिलीने खूण करा. पट्टी उभी धरून फट किती मिलिमीटर ते वाचा. मग हेडच्या तळापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. नियमाप्रमाणे फट २५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि बाकाचा सर्वात खोल भाग हेडच्या तळापासून २०० मिमीच्या आत येऊन चालत नाही. तुमचा आकडा २०० च्या जवळ आला तर ती खरी लो बो. २५० च्या आसपास मिड, ३०० कडे जायला लागला की पारंपरिक.

कमरेपर्यंत: एवढं लांबण कशाला! स्टिक शेजारी उभी करायची, कमरेच्या हाडापर्यंत आली पाहिजे. १७० सेंमीला ३६.५ इंच. तक्त्यात बघा, हेच लिहिलेलं असतं. तुझी एक इंच लांब आहे, प्रश्न मिटला.

जुनी_मूठ: कमरेचं हाड म्हणजे कुठलं? वरची कड की मांडीच्या बाजूचा उंचवटा? दोहोंत चार बोटांहून जास्त फरक पडतो आणि तुम्ही वाद एका इंचाचा घालताय. सुरुवातीला तक्ता ठीक आहे, ३६.५ हा अंदाजही बरोबर आहे. पण एकाच उंचीची दोन माणसं, एकाचे हात लांब आणि दुसरा गुडघ्यात खोल वाकणारा, त्यांना एकच स्टिक जमेल असं नाही. शेवटी खेळायच्या पवित्र्यात चेंडूवर उभं राहून बघायचं.

हिरवी_ग्रिप: लांबीबद्दल माझा अनुभव. मी १६५ ची, पोहोच वाढेल म्हणून ३७.५ घेतली. टॅकलला मजा यायची हे खरं. पण दोन महिन्यांनी लक्षात आलं की ड्रिबल करताना मी आपोआप डावा हात मुठीच्या टोकावरून दोन बोटं खाली घेतेय. ग्रिपच्या वरच्या टोकाचा रंग नवाकोरा आणि खालचा भाग काळा. आणि हेडचा तळ टाचेकडेच घासलेला, टोकाकडचा रंग तसाच. लांब दांडा जमिनीकडे कलतो, टोक उचललं जातं. मी ३६.५ वर परत आले. (आणि हो, लांब स्टिकने पाठ दुखायची थांबते असं सगळे सांगतात, माझी थांबली नव्हती.)

फ्लिकवेडा: हे वाचून बॅगेतून स्टिक काढली. टाचेकडचा रंग गेलाय, टोकाकडे जवळजवळ नवा. ग्रिप मात्र सगळीकडे सारखीच मळलीय.

किट_बॅग: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला कुठली घ्यावी? तो गोलकीपर आहे.

सरळ_फटका: अहो, हा धागा वेगळा आहे. पण मोठ्यांची स्टिक कापून देऊ नका एवढं सांगतो. वरून कापली की वजन हेडकडे सरकतं आणि मनगटाला जड जातं. शिवाय कॉम्पोझिटचा दांडा पोकळ असतो, कापलेलं टोक नीट बंद करावं लागतं.

फ्लिकवेडा: मोजलं. फट २४ मिमी, तळापासून २१ सेंमीवर. म्हणजे खरीच लो बो. मग काल संध्याकाळी १५ मीटरवर कोन ठेवून प्रयोग केला. चेंडू जमिनीवर थांबलेला, नेहमीप्रमाणे दहा फटके: आठ उडाले. सरळ_फटका म्हणाले तसं चेंडू मागे, डाव्या टाचेच्या रेषेत आणून आणि मूठ दोन इंच पुढे ठेवून दहा: चार उडाले. मग मित्राची ३६.५ ची मिड बो, हेड मिडी, तीच मूठ, तीच जागा: एक उडाला. पण तिने फ्लिक मारली तर चेंडू बाकात बसतच नव्हता, हेडवरच आला आणि वेग निम्मा वाटला.

सरळ_फटका: आठाचे चार झाले, बघा! फटका सुधारला की काम झालं. महिनाभर हेच करा.

उजवा_बॅक: आणि चाराचा एक झाला तो स्टिकने. महिनाभर रोज सराव करून स्टिकशी भांडायचं का?

जुनी_मूठ: दहा-दहा फटक्यांवर फार विसंबू नका, पण कल दिसतो. एक शंका मात्र राहते: मित्राच्या स्टिकमध्ये बाक, लांबी आणि हेड तिन्ही बदललं. कुठल्यामुळे फरक पडला ते यावरून कळणार नाही. टाचेकडची झीज बघता लांबीचा हात नक्की असावा. ३६.५ ची लो बो मिळाली कुणाची तर तेवढाच एक बदल करून बघा.

मला तुमच्याकडून वेगळाच आकडा हवा. एका सामन्यात तुम्ही किती फ्लिक मारता आणि किती फटके?

फ्लिकवेडा: फ्लिक... पेनल्टी कॉर्नर मिळाले तर. दुसरा फ्लिकर आजारी असला तर. दोन, कधी एकही नाही. फटके आणि स्लॅप मिळून तीस-चाळीस असावेत.

जुनी_मूठ: मग हिशोब तुम्हीच मांडलात. शिवाय फटक्याने चेंडू जाणूनबुजून उचलता येत नाही, गोलवर शॉट असेल तरच सूट. चुकून उडाला तरी समोरच्याच्या अंगावर गेला की धोकादायक खेळ म्हणून शिट्टी आहेच. आणि कॉर्नरवर फ्लिक न मारता पहिला शॉट फटक्याने घेतलात तर गोलरेषा ओलांडताना तो ४६० मिमी, म्हणजे गोलच्या फळीपेक्षा वर असून चालत नाही. लो बोने फटका उडाला तर तिथेही गोल नाकारला जाईल.

माझं मत: ३६.५, बाक २४ मिमीच्या आसपास पण २५ सेंमीवर. फ्लिक थोडी मंद होईल, ती शरीराच्या वळणाने आणि पायांनी काही अंशी भरून काढता येते. पण फटका जमिनीवर राहिला नाही, तर ते भरून काढायला दुसरं काही नाही.

उजवा_बॅक: मॅक्सी हेड तेवढं ठेव. चेंडू अडवायला जागा जास्त.

हिरवी_ग्रिप: हाफला मॅक्सी? अडवायला ठीक, पण चेंडू रिव्हर्सवर घेताना लांब टोक फिरवायला वेळ लागतो, घोळक्यात तर कळतंच. मिडी घ्यावी.

उजवा_बॅक: मी पंधरा वर्षं मॅक्सीने खेळतोय.

हिरवी_ग्रिप: बॅकला, हो. तुमच्यासमोर मोकळं मैदान असतं.

जुनी_मूठ: इथे मी हिरवी_ग्रिपच्या बाजूने, पण छातीठोकपणे नाही. रिव्हर्सने चेंडू थांबवणं हेच कुणाचं मुख्य काम असेल तर मॅक्सी कामाची ठरते. फ्लिकवेडा सामन्यात किती वेळा रिव्हर्सवर अडवतो आणि किती वेळा तिथून वळून निघतो, ते त्यालाच बघावं लागेल.

सरळ_फटका: तरी मी म्हणतो, नवी घ्यायच्या आधी ती मूठ पुढे ठेवायची सवय लावा. नाहीतर मिड बोनेही दहातला एक उडेलच, आणि तो एकच कुणाच्या तरी गुडघ्यावर बसेल.

फ्लिकवेडा: शनिवारी एकाकडून ३६.५ ची लो बो उसनी मिळतेय. तेच वीस फटके, तेच कोन. आकडे टाकतो.