‘द्यालच’मधला च: भरवसा की टोमणा?

रेघोटी
एका दिवाळी अंकाची प्रुफं तपासायचं काम घेतलंय. पहिली चाळीस पानं दोन दिवस उशिरा गेली, चूक माझीच. काल रात्री संपादकांचा मेल आला, तो जसाच्या तसा देते:

> नमस्कार. पहिली चाळीस पाने मिळाली. पाहिली. ठीक आहे. उरलेली आपण वेळेत द्यालच. कळावे.

रागावलेत का? सकाळपासून तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही खोडली. ‘द्यालच’ मधला च कसा वाचायचा?

ऑफिसकर
च सोडा, शेवट बघा. ‘कळावे’ म्हणजे कधी देताय ते कळवा. ते तारखेची वाट बघत बसलेत आणि तुम्ही व्याकरण काढताय. शिवाय ‘ठीक आहे’ म्हणजे काम आवडलेलं नाही, हे तर उघड आहे.

जुळारी
तारीख द्यायलाच हवी, पण ‘कळावे’मुळे नाही. तुम्ही म्हणता ते ‘कळवावे’. एका ‘व’चा फरक आहे. ‘कधी द्याल ते कळावे’ असं असतं तर विनंती झाली असती. पत्राच्या शेवटी एकटं येतं ते ‘कळावे’ म्हणजे एवढं तुम्हाला समजावं, विषय संपला. पूर्वी त्याच्यामागून ‘लोभ असावा’ यायचं. कचेरीच्या पत्रांत लोभ गळाला आणि कळावे उरलं. त्यामुळे नुसत्या ‘कळावे’त राग शोधू नये. हा माणूस आधी ‘लोभ असावा’ लिहीत असेल आणि आता थांबला असेल, तर मात्र शोधावा.

‘ठीक आहे’चं म्हणाल तर क्रियापद बघा. पानांबद्दल बोलायचं असतं तर ‘ठीक आहेत’ आलं असतं. ‘पाने पाहिली, ठीक आहेत’ हा शेरा झाला, आणि तो कोमटच. भाजी कशी झालीय विचारल्यावर ‘ठीक आहे’ ऐकून कुणी खूश होत नाही. इथे एकवचन आहे, म्हणजे ते ‘बरं, पोचलं’ या अर्थी. संपादक माणूस वचनात चुकणार नाही, असं धरून चालू.

मूसी
हा च आमच्या हैदराबादेत दखनीतही आहे बरं का. ‘ऐसाइच’, ‘वोइच’. मराठीतूनच गेला म्हणतात. तिथे मात्र कुणी रागावत नाही!

जुळारी
कारण तिथे तो ऐकू येतो. बोलण्यात ‘द्यालच’चा सूर वर गेला की भरवसा आणि शेवटी दाबला की दटावणी. कागदावर सूर नाही. लग्नाच्या पत्रिकेत ‘आपण यालच अशी खात्री आहे’ म्हणतात तेव्हा त्या ‘खात्री’ने च निवळतो. तुमच्या मेलमध्ये तो शेवट कापलेला आहे, म्हणून च लटकतोय.

खरं सांगायचं तर मला च पेक्षा ‘वेळेत’ टोचतं. नुसता भरवसा असता तर ‘उरलेली द्यालच’ पुरलं असतं. पण दिवाळी अंकात छपाईची तारीख सगळ्यांच्याच डोक्यावर असते, तेव्हा यावरूनही पैजेने सांगता येणार नाही. त्यांचे जुने मेल काढा आणि ताजा त्यांच्याशेजारी ठेवून वाचा. एकटा मेल वाचला की आपलीच धास्ती त्यात दिसते.

रेघोटी
काढले. सात आहेत. सातही ‘कळावे’वर संपतात, लोभ कशातच नाही. एवढं बरं वाटलं. पण सातही मेलमध्ये मला ‘तुम्ही’ लिहिलंय. ‘आपण’ पहिल्यांदाच.

ऑफिसकर
झालं. ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर गेले म्हणजे खुर्ची मागे सरकवली.

जुळारी
किंवा तोच मजकूर तीन प्रुफवाल्यांना पाठवला. मेलवर नाव घालून ‘नमस्कार’ आहे का? नाही. आणि सीसीत कुणी नवीन माणूस आहे का, मालक वगैरे?

रेघोटी
सीसीत कुणी नाही. नावाने हाक आधीही नसायची.

थेम्सकाठी
माझा अनुभव. लंडनमधल्या साहेबांनी माझ्या अहवालावर ‘क्वाइट गुड’ लिहिलं. आधी अमेरिकन कंपनीत होतो, तिथे ते ‘छानच’ या अर्थी ऐकलेलं. मी उत्साहाने आभार मानले. इथे त्याचा अर्थ ‘बरं आहे, पण’ असा निघाला. त्यानंतर मी प्रतिक्रियेचे आभार मानतो, कौतुकाचे नाही.

रेघोटी
हे पटलं. माझा चौथा मसुदा टाकते, फाडा:

> विश्वासाबद्दल धन्यवाद. उशिराबद्दल मनापासून क्षमस्व. उरलेली पाने वेळेत देईनच, काळजी नसावी.

जुळारी
फाडतो. हा मसुदा दोनदा वाचा. एकदा संपादक खुशीत आहेत असं धरून, एकदा चिडलेत असं धरून. ज्या शब्दाला एका वाचनात ठेच लागेल तो काढायचा.

‘विश्वासाबद्दल धन्यवाद’: टोमणा मारला असेल तर हा उलटा टोमणा होतो. ‘काळजी नसावी’: ते निर्धास्त असतील तर काळजी तुम्हीच सुचवलीत. ‘देईनच’ सर्वांत वाईट. दुसऱ्याबद्दलचा च भरवशाचा असू शकतो, स्वतःबद्दलचा बहुतेक वेळा हट्टाचा किंवा फणकाऱ्याचा वाटतो. ‘येईनच’ म्हणणाऱ्या पाहुण्याला आधी कुणीतरी डिवचलेलं असतं. आणि ‘वेळेत’ हा त्यांचा शब्द परत देऊ नका, त्याच्या जागी वार घाला.

मी असं लिहीन:

> नमस्कार. मेल मिळाला. उरलेली छप्पन्न पाने या वेळी गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवते. पहिल्या चाळीस पानांत काही वेगळे हवे असल्यास मंगळवारपर्यंत सांगावे, म्हणजे पुढच्या पानांतही तसेच करता येईल.

‘या वेळी’ हे दोन शब्द मुद्दाम आहेत. चिडलेल्याला त्यात मागच्या उशिराची कबुली दिसते. न चिडलेल्याला ते नुसते या खेपेबद्दल वाटतात. आणि काम आवडलं नसेल तर मंगळवारच्या वाक्याने त्यांना बोलायला दार उघडलं, आवडलं का असं न विचारता. गुरुवार जमणार नसेल तर शुक्रवार लिहा. तारीख चुकली तर बाकी शब्दांना अर्थ नाही.

ऑफिसकर
पण उशीर झाला होता ना? मग स्पष्ट माफी का नाही? ‘या वेळी’त लपवणं मला पळवाट वाटते.

जुळारी
माफी पहिली पानं पाठवताना मागितली होती का, यावर आहे.

रेघोटी
मागितली होती. एका ओळीत.

जुळारी
मग दुसऱ्यांदा नको. नसती मागितली तर ऑफिसकरांचं बरोबर होतं. तेव्हा दोन्हीकडे चालणारं उत्तर शोधायचं नाही, सरळ ‘मागील दोन दिवसांच्या उशिराबद्दल दिलगीर आहे’ लिहायचं.

ऑफिसकर
तरी मी लिहिली असती. छापखान्याची तारीख हुकली की संपादकाला एक ओळ पुरत नाही.

रेघोटी
तुमचा मसुदा जवळपास तसाच पाठवला, फक्त ‘सांगावे’चं ‘सांगा’ केलं, कारण मी त्यांना असंच लिहिते. दुपारी उत्तर आलं: ‘चालेल. पान ६२ वरची जाहिरात बदलली आहे, नवे पान जोडले आहे. तुम्ही जुने तपासू नका. कळावे.’

थेम्सकाठी
‘तुम्ही’ परत आलं!

जुळारी
आलं खरं. पण ‘आपण’ का गेलं होतं ते यावरूनही कळत नाही. पान ६२ चं जुनं प्रुफ आधी बाजूला काढा.