टेनोफोविर बंद करावी का? दादाचे रिपोर्ट आणि आमच्या घरातला वाद

वैशाली (सांगली): दादा ४६ वर्षांचा आहे. हिपॅटायटिस बी साठी सहा वर्षं टेनोफोविर ३०० ची गोळी रोज घेतो. पाच वर्षांपासून रक्तात व्हायरसचा डीएनए सापडत नाही, एसजीपीटी २४ आहे, ई-अँटिजेन पहिल्यापासून निगेटिव्ह. पण क्रिएटिनिन ०.९ वरून १.३ झालंय. कंबर आणि बरगड्या दुखतात. लघवीत साखर दोन प्लस आली, पण उपाशीपोटी रक्तातली साखर ९४. तो म्हणतो, व्हायरस गेला, आता किडनी वाचवायला गोळी सोडतो. वहिनी रडतेय. काय करावं?

शुभांगी: ताई, आमच्या गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात, तीन दिवसांत उतार पडतो. दादांना एकदा नेऊन पाहा.

वैशाली: शुभांगीताई, त्याला कावीळ कधीच झाली नाही. हा वर्षानुवर्षं अंगात राहणारा आजार आहे.

शेखर: मी दादाच्या बाजूने. युरोपच्या लिव्हर संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात लिहिलंय की ई-अँटिजेन निगेटिव्ह असेल, सिरॉसिस नसेल आणि तीन वर्षं डीएनए सापडत नसेल, तर बारीक लक्ष ठेवून औषध थांबवून पाहता येतं. थांबवल्यावर काहींच्या रक्तातून व्हायरसची मुख्य खूण, पृष्ठभाग-अँटिजेन, तीसुद्धा जाते, आणि गोळी चालू असताना ती क्वचितच जाते. शिवाय लॅबच्या कागदावर १.३ नॉर्मलमध्येच छापलेलं असतं. किडनीची एवढी भीती कशाला?

बाळासाहेब (बार्शी): शेखरराव, मी हे भोगलंय. चार वर्षं हीच गोळी घेतली. बरं वाटत होतं म्हणून मनानेच सोडली. अकराव्या आठवड्यात जिना चढवेना, लघवी चहासारखी. एसजीपीटी ११०० च्या वर, बिलिरुबिन ९. रक्त गोठण्याची तपासणीही बिघडली होती. गोळी परत सुरू केली, दोन आठवडे दवाखान्यात होतो. वाचलो. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्यासारखाच गोळी सोडून आलेला होता, तो नाही वाचला. सोडू नका म्हणजे नका.

शेखर: वाईट वाटलं वाचून. पण तुम्ही मधल्या काळात एकदाही तपासणी केली नव्हती ना? मी म्हणतोय ते देखरेखीखाली थांबवणं. ही दोन कामं वेगळी आहेत.

रेणुका (किडनीविकार विभागात १४ वर्षं): शेखर यांचा तो मुद्दा रास्त आहे, पण क्रिएटिनिनबद्दल ते चुकताहेत. ४६ वर्षांच्या पुरुषात १.३ म्हणजे किडनीचं काम अंदाजे ६८. सहा वर्षांपूर्वी ०.९ असताना ते ११० च्या आसपास होतं. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम गेलं, आणि लॅबचा कागद तरी नॉर्मल म्हणतो. माणसाची तुलना त्याच्याच जुन्या रिपोर्टशी करायची असते.

माझी नजर मात्र लघवीतल्या साखरेवर अडकलीय. रक्तातली साखर ९४ असताना लघवीत साखर येते, याचा अर्थ किडनीच्या नळ्या गाळलेली साखर परत उचलत नाहीत. टेनोफोविर त्याच नळ्यांच्या पेशींत साठते. त्या थकल्या की फॉस्फरसही लघवीतून वाहून जातो आणि हाड मऊ पडतं. बरगड्या दुखायला तेच पुरेसं आहे. वैशाली, चार गोष्टी सांगा: रक्तातला फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, दादा कंबरेसाठी काय गोळी घेतात, आणि सुरुवातीचा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी.

वैशाली: फॉस्फरस कधी केलाच नाही. आज करून घेतला, १.९ आला. अल्कलाइन फॉस्फटेज २१०, त्याला "लिव्हर थोडं वाढलंय" असं सांगितलं होतं. कंबरेसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, जवळजवळ रोज. पहिला फायब्रोस्कॅन १४.२, आताचा ७.१. हो, आणि टेनोफोविरच्या आधी दोन वर्षं हिपॅटायटिस बी ची जुनी गोळी लॅमिव्हुडिन चालू होती.

रेणुका: डायक्लोफेनॅक आजच बंद. टेनोफोविरसोबत ते रोज घेतल्यानं किडनी एकदम ढासळू शकते. आणि विचार करा, ज्या दुखण्यासाठी ते घेतलं, ते दुखणं कदाचित टेनोफोविरनेच आणलेलं आहे.

२१० चा आकडा लिव्हरचा असेलच असं नाही. हाडांतूनही तो वाढतो. सोबत लिव्हरची जीजीटी तपासणी करा. ते नॉर्मल आलं तर संशय हाडांवर जातो. लघवीतला फॉस्फरस, प्रोटीन, रक्तातलं पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि व्हिटॅमिन डी पाहायला सांगा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा, पण त्यात घनता कमी दिसली की सरळ ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू करू नका. हाड मऊ पडलं असेल तर आधी फॉस्फरसची गळती थांबवायची.

शेखर: म्हणजे गोळी थांबवायलाच हवी, मी तेच म्हणत होतो!

रेणुका: ही गोळी थांबवायची, उपचार नाही. टेनोफोविर सोडल्यावरचा भडका बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतो, एंटेकेव्हिर ही याच आजाराची दुसरी गोळी सोडल्यावर थोडा उशिरा. बाळासाहेबांचा अकरावा आठवडा त्यात अगदी बसतो. आणि पहिला फायब्रोस्कॅन १४.२ आहे. ज्याचं लिव्हर एकदा सिरॉसिसच्या जवळ गेलं, त्याला असा भडका झेपत नाही.

शेखर: तेव्हा एसजीपीटी किती होतं? सूज असली की फायब्रोस्कॅन फुगतो. आता ७.१ आहे.

वैशाली: तेव्हा १८० होतं.

रेणुका: हा प्रश्न योग्य आहे, १८० ने आकडा थोडा वर गेला असेलच. किती, ते सांगता येणार नाही. जुन्या प्लेटलेट्स आणि सोनोग्राफी काढून पाहा. पण खात्री नसताना मी सिरॉसिस होता असंच धरून चालेन. ७.१ हे गोळीमुळेच झालंय.

मकरंद: टीएएफ घ्या, टेनोफोविरचाच नवा प्रकार. किडनीला काही होत नाही, तपासण्यांची कटकट संपते. माझी बायको दोन वर्षं घेते.

रेणुका: अर्धं बरोबर. २५ मिलिग्रॅममध्ये काम होतं, रक्तात औषध खूप कमी फिरतं, म्हणून किडनी आणि हाडांवरचा भार हलका होतो. तपासण्या संपत नाहीत. वजन आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं, आणि टीबीचं रिफाम्पिसिन सोबत चालत नाही. एंटेकेव्हिर हा दुसरा रस्ता, पण दादांनी लॅमिव्हुडिन घेतलीय, त्यामुळे तिथे व्हायरस दाद न देण्याची भीती जास्त. म्हणून माझा कल टीएएफकडे. नळ्यांना आधीच इजा आहे, तेव्हा बदल पोटविकार आणि किडनी अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून करावा, मध्ये एकही दिवस रिकामा न ठेवता. महिन्याने फॉस्फरस, लघवी आणि क्रिएटिनिन परत.

शेखर: मान्य, आत्ता नाही. पण पृष्ठभाग-अँटिजेनचा आकडा मोजून घ्या. आशियाई रुग्णांत तो १०० च्या खाली असेल तर औषध थांबवल्यावर तो जाण्याची शक्यता बरी असते. पुढे विचार करता येईल.

बाळासाहेब: आकडा काहीही येऊ द्या, मी तरी परत सोडणार नाही.

वैशाली: उद्याची अपॉइंटमेंट घेतली. डायक्लोफेनॅकची पट्टी वहिनीने उचलून ठेवली. टेनोफोविरचा आजचा डोस दादाने माझ्यासमोर घेतला.