बाबांसाठी थांबलेल्या त्या अण्णांना काय लिहू?

सुहास (बी-२०३): नमस्कार मंडळी. बाबा काल संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले. डोक्याला सहा टाके, डाव्या मनगटाला प्लास्टर, बाकी ठीक. चौकशी करणाऱ्या सगळ्यांचे आभार. आता एका कामात मदत पाहिजे. खानापूर रोडवर ज्यांनी बाबांना सांभाळलं त्या पिकअपवाल्या अण्णांना मेसेज पाठवायचा आहे. त्यांचा नंबर माझ्या कॉल लिस्टमध्ये आहे, कारण बाबांचा फोन फुटला होता आणि अण्णांनी आपल्याच फोनवरून मला लावला. माझे दहा आकडे बाबांनी त्यांना तोंडपाठ सांगितले म्हणे. मी लिहिलंय ते बघा:

"आदरणीय महोदय, आपण देवदूतासारखे धावून आलात. आजच्या काळात माणुसकी हरवत चालली असताना आपण तिचं दर्शन घडवलंत. आपले उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही."

मंगलकाकू (ए-१०१): छान लिहिलंस की रे.

विनायक (सी-३०४): काकू, छान आहे खरं हे कुणालाही पाठवता येईल. गॅसची गाडी वेळेवर आणणाऱ्याला पण. सुहास, त्यांनी नेमकं काय केलं ते सांग आधी.

सुहास (बी-२०३): देसूर आणि मच्छेच्या मध्ये आडवं कुत्रं आलं, रस्ता ओला, बाबा स्कूटरसकट घसरले. रात्रीचे पावणेआठ झाले असतील. मागून अण्णांची पिकअप येत होती. त्यांनी गाडी बाबांच्या मागे तिरकी लावली आणि चारी इंडिकेटर चालू ठेवले, म्हणजे मागून येणारा ट्रक अंगावर येऊ नये. बाबा उठायला बघत होते, त्यांना उठू दिलं नाही. खांद्यावरचा टॉवेल घडी करून जखमेवर दाबून धरला. १०८ ला फोन केला, मग मला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत टॉवेलवरचा हात काढला नाही. नंतर स्कूटर ढकलत पंक्चरच्या दुकानात नेऊन लावली आणि किल्ली लाल दोऱ्यात बांधून दुकानदाराकडे दिली. मला ती दुसऱ्या दिवशी मिळाली. मी पोचलो तेव्हा अण्णा निघून गेले होते.

विनायक (सी-३०४): अरे मग हेच लिही की! देवदूत काढ, टॉवेल घाल.

कुलकर्णी डॉक्टर (ए-२०२): विनायकशी सहमत. आणि एक राहिलं. त्या माणसाने बाबांना शेवटचं बघितलं ते ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना, रक्ताने भरलेलं तोंड. पुढे काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंय का? डोक्याच्या कातडीला जखम झाली की रक्त फार येतं, बघणाऱ्याला वाटतं माणूस गेला. त्यामुळे पहिली ओळ आभाराची नको, बातमीची पाहिजे. "बाबा घरी आले, डोक्याच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही." हे वाचल्यावर ते पुढचं शांतपणे वाचतील. टॉवेल दाबून धरला आणि उठू दिलं नाही, या दोन्ही गोष्टी बरोबर केल्या हेही लिही. पुष्कळ लोक पाणी पाजतात, हलवून बसवतात.

सुहास (बी-२०३): डॉक्टर, हे सुचलंच नव्हतं. माझी सगळी ओढ "आम्ही किती ऋणी" हे सांगण्याकडे.

प्रकाश (सी-१०२): मी पंक्चरवाल्याकडून गाडीचा फोटो मिळवलाय, नंबर प्लेट स्पष्ट दिसते. टाकतो ग्रुपवर. शहरातल्या इतर ग्रुपवर पण टाकू, सत्कार करूया.

देसाई वकील (बी-१०१): प्रकाश, नको. टाकला असलास तर "सगळ्यांसाठी डिलीट" कर. अण्णा थांबले नाहीत याचं कारण विचारात घे. अपघातात मदत केली की पोलीस, जबाब, कोर्टाच्या फेऱ्या, ही भीती अजून आहे. कायद्याने तसं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं, त्याचे नियम २०२० मध्ये. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. कर्नाटकचा तर याबाबत स्वतःचा २०१६ चा कायदा आहे. म्हणजे नाव न सांगणं हा त्यांचा हक्क आहे, तो आपण कौतुकाच्या भरात मोडायचा नाही. आधी विचारा, हो म्हटले तर सत्कार.

प्रकाश (सी-१०२): काढला वकीलसाहेब. खरं सरकारचं बक्षीस असतंय नव्हं? पंचवीस हजार?

देसाई वकील (बी-१०१): राहवीर योजना म्हणतोस ती. अपघात गंभीर पाहिजे आणि जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवलेलं पाहिजे. इथं ॲम्ब्युलन्सने नेलं आणि जखम तेवढी मोठी नव्हती. मेसेजमध्ये बक्षिसाचा शब्दच नको, नाहीतर न मिळणाऱ्या पैशाची आशा लावल्यासारखं होईल. सुहास, तारीख, वेळ आणि ठिकाण मात्र घाल. उद्या कुणी त्यांना "तू धडक दिलीस काय" म्हणून विचारलं, तर बाबांच्या घरच्यांचा लेखी मजकूर त्यांच्या फोनमध्ये असू दे.

मंगलकाकू (ए-१०१): पैसे नकोत, मग कुंदा पाठवूया की पाव किलो. टॉवेलचं काय झालं रे?

सुहास (बी-२०३): आईने दोनदा धुतला काकू, डाग जात नाही. नवा घेतलाय, तसाच पांढरा, निळी किनार.

विनायक (सी-३०४): भाषा कुठली गा? अळणावरकडचे म्हणालास ना?

सुहास (बी-२०३): माझ्याशी फोनवर मोडक्या मराठीत बोलले, "बाबा हाईत, भिऊ नका" एवढंच. कन्नडच बोलत असणार. माझं कन्नड भाजी मंडईपुरतं.

शैलाक्का (ए-३०१): मी करते. खरं लिहू नका, व्हॉईस पाठवा. गाडी चालवणारा माणूस लांब मजकूर वाचत बसत नाही. आणि देवनागरीत लिहिलेलं कन्नड त्यांना वाचता येईल असं कशावरून? तू आधी मराठीत बोल, तुझा आवाज त्यांनी ऐकलाय. मग मी कन्नडमध्ये: "अप्पार आराम अदार री. निम्म उपकार मरियूदिल्ल री." बाबा आता बरे आहेत, तुमचे उपकार विसरणार नाही, एवढंच. वकीलसाहेब म्हणतात ती तारीख-वेळ तेवढी खाली लिहून पाठव, चार ओळी.

सुहास (बी-२०३): ठीक. हे बघा, चार ओळींच्या पाच झाल्या:

"अण्णा, मी सुहास, तुम्ही खानापूर रोडवरून ज्याला फोन केलात तो. बाबा घरी आले, डोक्याच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. गेल्या मंगळवारी रात्री पावणेआठला देसूर-मच्छेच्या मध्ये बाबा कुत्रं आडवं आल्यामुळे स्वतःच पडले, आणि तुम्ही गाडी आडवी लावून, टॉवेल दाबून त्यांना वाचवलंत. किल्ली मिळाली, स्कूटर सुरू आहे. तुमचा टॉवेल आमच्याकडे राहिला, नवा कुठे पोचवू तेवढं सांगा, आणि सांगायचं नसेल तरी चालेल."

कुलकर्णी डॉक्टर (ए-२०२): "वाचवलंत" राहू दे. वैद्यकीयदृष्ट्या मी वाद घालू शकतो, घालत नाही.

देसाई वकील (बी-१०१): "स्वतःच पडले" उत्तम.

मंगलकाकू (ए-१०१): शेवटचं "सांगायचं नसेल तरी चालेल" हे मला आवडलं.

सुहास (बी-२०३): पाठवलं. शैलाक्का, तुमचा व्हॉईस पण गेला.

सुहास (बी-२०३): रात्री ९.४० ला उत्तर आलं. अकरा सेकंदांचा व्हॉईस, मागे गाडीचा आवाज. शैलाक्कांनी ऐकून सांगितलं: "टॉवेल राहू दे. बाबांना म्हणावं, पावसात रात्री स्कूटर नको, बसने या."

मंगलकाकू (ए-१०१): बाबा काय म्हणाले?

सुहास (बी-२०३): बाबा म्हणाले, हा माणूस तुझ्या आईला ओळखतो काय.