अनुभव धागा: आचारसंहितेच्या आधीची धावपळ तुम्ही कुठून पाहिली?

ठाणेकर (धागाकर्ता)

14 ऑक्टोबर 2024 च्या रात्री मी ऐरोलीहून घरी येत होतो. सकाळी मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला होता आणि अंमलबजावणी त्याच मध्यरात्रीपासून होती. रोजचे 45 रुपये वाचले, आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि आचारसंहिता लागली. हा टोल बंद व्हावा म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि निर्णय झाला तो शेवटच्या चोवीस तासांत.

निवडणुकीच्या आधी पैसा सुटतो आणि नंतर आवळतो, असं आपण सगळेच म्हणतो. तुम्ही स्वतः ते कुठून पाहिलंत? तारीख लिहा, काय दिसलं ते लिहा. मत कोणाला दिलंत ते नको.

सेविका_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय 28 जून 2024 चा, अर्ज 1 जुलैपासून, मुदत 15 जुलै. म्हणजे हातात पंधरा दिवस. पहिल्या दोन दिवसांतच तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अशी झुंबड उडाली की बायका पहाटे पाचला चपला ठेवून नंबर लावायच्या. मग मुदत 31 ऑगस्टपर्यंत वाढली. पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही. पाच एकरांची अटही गेली.

नारीशक्ती दूत ॲप दिवसा उघडायचंच नाही. मी रात्री दीड-दोनला उठून अर्ज भरायचे, शेजारी नवरा टॉर्च धरून आधारकार्ड वाचून दाखवायचा. एका अर्जामागे 50 रुपये ठरले होते.

जुलै-ऑगस्टचे 3000 रक्षाबंधनाच्या चार-पाच दिवस आधी यायला लागले. तेव्हा खरी फजिती झाली. अर्जावर लिहिलेल्या खात्यात पैसे येतील असं बायकांना वाटलं होतं, पण ते गेले आधारला जोडलेल्या खात्यात. एका मावशींचे पैसे आठ वर्षांपूर्वी उघडलेल्या, त्या स्वतः विसरलेल्या खात्यात पडले, आणि किमान शिल्लक नाही म्हणून बँकेने त्यातले निम्म्याहून जास्त कापून घेतले.

घाई कशाची होती हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण कळत होतं. तरी एक सांगते, त्या 3000 मधून दोघींनी मुलींची राहिलेली फी भरली, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

कोषागारवाला

ताई, घाईचं कारण कागदावर दिसतं. मी वित्त व लेखा सेवेतून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकसभेमुळे फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याचा फक्त अंतरिम अर्थसंकल्प आला. 4 जूनला निकाल लागले, महायुतीला 48 पैकी 17 जागा. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, 28 जूनला, अतिरिक्त अर्थसंकल्प. निकाल पाहून पुन्हा वही उघडायची संधी सरकारांना सहसा मिळत नाही, इथे वेळापत्रकानेच दिली. लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज त्यात होता. पाठोपाठ जुलैच्या अधिवेशनात जवळजवळ 95,000 कोटींच्या पुरवणी मागण्या. पुरवणी मागणी ही अनपेक्षित खर्चासाठी असते असं आम्हाला शिकवलं होतं. इथे योजनेची घोषणा आधी आणि तरतूद मागून आली.

आता आचारसंहितेचं गणित. नवी योजना जाहीर करता येत नाही, नवा लाभार्थी जोडता येत नाही, पण चालू योजना चालू राहू शकते. म्हणून सगळी धडपड त्या दिवसाच्या आत योजना ‘चालू’ या सदरात नेण्याची असते. त्यातही आयोग वाटप थांबवू शकतो. तेलंगणात नोव्हेंबर 2023 मध्ये शेतकऱ्यांना थेट मदत देणाऱ्या रयतु बंधू योजनेच्या हप्त्याला दिलेली परवानगी मतदानाच्या तीन दिवस आधी काढून घेतली होती. आपल्याकडे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा हप्ता आचारसंहितेच्या आधीच एकत्र देऊन टाकला. मतदान 20 नोव्हेंबरला झालं, तोवर त्या महिन्याचे पैसे खर्चूनही झाले होते.

खडी_डांबर

मी छोटा ठेकेदार. माझा अनुभव याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा.

सप्टेंबर 2024 मध्ये आमच्या तालुक्यात आठवड्याला चार-चार भूमिपूजनं. मला गावजोड रस्त्याचा कार्यारंभ आदेश मिळाला. नियम असा की नुसता आदेश असून भागत नाही, आचारसंहितेआधी जागेवर काम सुरू झालेलं लागतं, नाहीतर निवडणूक संपेपर्यंत हात लावता येत नाही. म्हणून आम्ही भर पावसात जेसीबी नेला, पन्नास मीटर साइडपट्टी उकरली, तारीख-वेळ येणारे फोटो काढले. त्या ओल्यात दुसरं काही करताच येत नव्हतं. जाणकार माणूस तो खड्डा बघून ओळखेल की हे काम रस्त्यासाठी नव्हे, फोटोसाठी सुरू झालंय.

डांबर पडलं डिसेंबर-जानेवारीत. बिल 38 लाखांचं, मोजमाप वहीत म्हणजे एमबीत चढलं, सह्या झाल्या. मार्चअखेर हातात आले 4 लाख. खडीवाल्याची उधारी, रोलरचं भाडं, बँकेचं व्याज. बायकोचे दागिने गहाण ठेवून मजुरांचे पैसे दिले. कार्यालयात विचारलं की एकच उत्तर, ‘वरून निधी आला की देऊ.’

कोषागारवाला

खडी_डांबर, तुमचं दुखणं आकड्यांत कसं दिसतं ते सांगतो. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही. थेट खात्यात जाणारा हप्ता थांबवला तर लगेच बोंब होते. मग लांबवायला उरतं काय? ठेकेदाराची देयकं, शिष्यवृत्त्या, अनुदानं. हे उधारीवर चालतं आणि देयक मंजूर होऊन पडून राहिलं तर ते तुटीत दिसतच नाही, कारण आपला हिशेब रोखीचा, पैसा बाहेर पडेल तेव्हाच खर्च. म्हणून निवडणूकवर्षाची खरी तूट पाहायची तर नुसता जाहीर आकडा पुरत नाही, थकीत देयकांचा ढीग विचारावा लागतो.

ग्राहक_देवो_भव

आमचं कापड दुकान. निवडणुकीचं धंद्यावर चक्र म्हणाल तर सगळ्यात मोठा त्रास रोख रकमेचा. 50,000 च्या वर रोकड कागदाशिवाय सापडली की पथक अडवतं. दिवाळीनंतर सुरतेला माल आणायला निघालो, गल्ल्यातले 1,80,000 जवळ होते. नाक्यावर तीन तास बसवून ठेवलं. विक्रीची बिलं दाखवल्यावर सोडलं. व्यापाऱ्याने काय करावं?

ठाणेकर

दादा, विषय थोडा वेगळा आहे, सरकार खर्चाची वेळ कशी साधतं हा. पण विचारतो, ऑगस्टमध्ये हप्ते आले तेव्हा दुकानात फरक पडला का?

ग्राहक_देवो_भव

पडला ना. राखीच्या आठवड्यात 400 ते 700 च्या साड्या संपल्या, परत मागवल्या. भारी माल मात्र हलला नाही. पुढच्या महिन्यांत तेवढं जाणवलं नाही, हप्ता किराण्यातच जात असावा.

इंधनमीटर

सोपं उदाहरण पेट्रोलचं. निवडणूक आली की केंद्र कर कमी करतं, संपली की वाढवतं. 2018 ला कर्नाटकच्या वेळी कर कमी केला होता आणि मार्च 2024 ला लोकसभेआधी 2 रुपये.

कोषागारवाला

तारखा बरोबर, कारण चुकतंय. कर्नाटकच्या वेळी कर जागेवरच होता. रोज बदलणारा भाव तेल कंपन्यांनी 24 एप्रिलपासून गोठवला, 12 मे 2018 ला मतदान झालं आणि 14 पासून भाव पुन्हा चढू लागला. मार्च 2024 चे 2 रुपयेही कंपन्यांच्या किमतीतले. फरक महत्त्वाचा आहे. कर कमी केला तर तिजोरीत खड्डा पडतो आणि संसदेत प्रश्न येतो. कंपनीच्या नफ्यातून सवलत दिली तर अर्थसंकल्पात त्याची एक ओळही नसते.

इंधनमीटर

मान्य. पण नोव्हेंबर 2021 ला पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपये उत्पादन शुल्क खरंच कमी झालं होतं. पुढे उत्तर प्रदेशची निवडणूक होती. आणि त्यानंतर भाव साडेचार महिने गोठले, निकालानंतर 22 मार्चपासून ऐंशी-ऐंशी पैशांनी वाढले. माझा मुद्दा अगदीच खोटा नाही.

चाळीतला_कांदा

तुम्ही सगळे देण्याबद्दल लिहिताय. आमच्याकडून काढून घेतलं त्याचीही वेळ साधलेलीच होती.

8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद. शहरात कांदा महाग होऊ नये, समोर लोकसभा. बंदीच्या आधी माझा लाल कांदा क्विंटलला 3,400 ने गेला, तिसऱ्या आठवड्यात त्याच प्रतीचा 1,600 ला. लाल कांदा चाळीत टिकत नाही, विकावाच लागतो. 4 मे 2024 ला बंदी उठवली, नाशिक-दिंडोरीचं मतदान 20 मेला. पण टनाला 550 डॉलर किमान दर आणि वर 40 टक्के शुल्क ठेवलं, परदेशी गिऱ्हाईक कुठून येणार? दिंडोरीत आणि नाशकात सत्ताधाऱ्यांनी जागा गमावल्या. विधानसभेच्या आधी, 13 सप्टेंबरला, किमान दर काढला आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणलं. तोवर माझी चाळ रिकामी झालेली. ज्यांनी साठवला होता त्यांना फायदा झाला, ते मोठे शेतकरी आणि व्यापारी.

बँकेतून_निवृत्त

शेतीकर्जाबद्दल लिहितो. शॉन कोल या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या सरकारी बँकांचं शेतीकर्ज तपासलं. निवडणूकवर्षात ते 5 ते 10 टक्के बिंदूंनी जास्त वाढतं, चुरशीच्या भागांत अधिक, आणि शेतीच्या उत्पादनात मात्र तेवढी भर दिसत नाही. मी शाखेत असताना हे वेगळ्या भाषेत ऐकलंय, ‘यंदा नवं-जुनं करताना फार ताणू नका’, म्हणजे जुनं कर्ज फेडून घेऊन नवं देताना फार अडवू नका. वसुलीची पत्रं मतदानानंतर निघायची.

विदर्भातून

पण याने मतं खरंच मिळतात का? मध्य प्रदेशात लाडली बहनाने 2023 ला यश दिलं असं म्हणतात. आंध्रात जगन सरकारने पाच वर्षं थेट खात्यात पैसे दिले आणि 2024 ला 175 पैकी 11 जागा उरल्या. मला वाटतं पाच वर्षं दिलेलं लोक हक्क मानतात, शेवटच्या चार महिन्यांत दिलेलं लक्षात राहतं.

सेविका_ताई

आमच्या गावात तसं सरळ नव्हतं. पैसे घेऊन उलट मत देणाऱ्याही होत्या, सोयाबीनच्या भावामुळे. कोणी कशासाठी काय दिलं हे मी दारोदार फिरूनही सांगू शकणार नाही.

लालपरी

25 जानेवारी 2025 ला एसटीचं भाडं 14.95 टक्के वाढलं. निकाल 23 नोव्हेंबरचा, मध्ये दोन महिने. मी रोज कॉलेजला जाते.

कोषागारवाला

पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणची तरतूद 36,000 कोटींवर आली, हप्ता महिन्याला 2100 करण्याचं प्रचारातलं आश्वासन त्यात नव्हतं, आणि महसुली तूट 20,051 वरून 45,891 कोटींवर अंदाजली गेली. प्रचारात आकडा 2100, अर्थसंकल्पात पात्रता तपासणी.

सेविका_ताई

त्या तपासणीलाही आम्हीच होतो. जुलै 2024 ला ‘कोणी सुटता कामा नये’ म्हणून ज्या घरी गेले, पुढच्या वर्षी त्याच घरी यादी घेऊन, गाडी आहे का, एकाच घरात तिसरी लाभार्थी आहे का ते बघायला. मग सप्टेंबर 2025 ला ई-केवायसी आली. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी. आमच्या वाडीतल्या एका बाईचा नवराही नाही, वडीलही नाहीत. पुढे अशांसाठी सोय झाली, पण तोवर ती तीनदा माझ्याकडे आली, दर वेळी नवऱ्याचा मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून. अर्ज भरताना तिला एवढंच विचारलं होतं, ‘आधार आहे ना, बस.’